बाबांनी फोन उचलला नाही की जीव घाबरतो

प्रश्न: मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातला, नोकरीसाठी जर्मनीत आलोय. बाबांचा फोन लागला नाही की छातीत धडधडतं, हात थरथरतात, झोप उडते. मग मी घरी पुन्हा पुन्हा फोन करत राहतो. ही घरची आठवण आहे की आजार? काय करू?

उत्तर:

मी अमरावतीत मानसशास्त्रज्ञ आहे. आपल्या भागातून परदेशी गेलेली मुलं माझ्याशी ऑनलाइन बोलतात, त्यावरून सांगते. तुम्हाला दोन्ही होतंय. आठवण आली की डोळे भरतात, जेवण जात नाही, पण चार आपल्या माणसांत बसलं की मन हलकं होतं. धडधड मात्र चिंतेची आहे, आणि चिंतेला खात्री हवी असते. ती फोनवर मिळते, पण टिकत नाही.

दिग्रसकडच्या एका मुलाचं सांगते (त्याला विचारून, ओळख बदलून). हिवाळ्यात शेतपंपाला लाईन रात्रीची, म्हणून वडील 10 वाजता हरभऱ्याला पाणी द्यायला जात. तेव्हा जर्मनीत संध्याकाळचे साडेपाच. हा ऑफिसातून निघायचा, बाहेर मिट्ट काळोख, आणि वडिलांचा फोन नॉट रिचेबल. साप, रानडुक्कर, मोटरीचा शॉक, सगळं डोळ्यांसमोर यायचं. ओलिताला रात्री जाणाऱ्या माणसाच्या घरात ही भीती खोटी नसते, म्हणून ‘उगाच काळजी करू नको’ म्हणून भागत नाही. तो आईला, मग काकाला, मग शेजाऱ्याला उठवायचा. शेवटी वडील बोलायचे, “काई नाई बापा, ओलिताले गेलतो, मोबाईल घरीच रायला.” जीव भांड्यात पडायचा, आणि तासाभरात पुन्हा तेच.

हे असं का होतं? फोन केल्यावर धडधड थांबली की मेंदू शिकतो, ‘फोन केला म्हणूनच वाचलो.’ न करताही ती उतरते, हे त्याला कळायची संधीच मिळत नाही. म्हणून पुढच्या वेळी भीती लवकर येते आणि जास्त जोरात येते.

त्याच्या बाबतीत आणखी एक गाठ होती, आणि ती मला बहुतेक घरांत दिसते. आईचं ऑपरेशन झालं ते त्याला महिन्यानं कळलं. “पोरगं दूर हाये, त्याले कायले सांगता,” म्हणून सगळे गप्प बसले. माया होती, पण तेव्हापासून ‘सगळं बरं आहे’ या शब्दांवर त्याचा विश्वासच उरला नाही. मग तो आवाजावरून अंदाज बांधू लागला. बाबा थकल्यासारखे बोलले की याची रात्र गेली.

म्हणून पहिलं काम घरच्यांशी बोलायचं. बाबांना सांगा, ‘वाईट असलं तरी त्याच दिवशी सांगा, लपवलं की मला जास्त त्रास होतो.’ गावातला एक माणूस ठरवा, चुलतभाऊ किंवा शेजारचे काका, जो काही झालं तर स्वतः तुम्हाला फोन करील. त्याचा फोन नाही म्हणजे बातमी नाही, हे दोघांनी पक्कं करा. रोजच्या बोलण्याची वेळ बाबा घरी असतात तेव्हाची ठेवा. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन. घड्याळ बदललं की ही वेळही पुन्हा ठरवा.

मग फोन करायची ओढ लांबवायची. ठरलेल्या वेळेखेरीज फोन करावासा वाटला की भीतीला 10 पैकी आकडा द्या, लिहून ठेवा, आणि 20 मिनिटं थांबा. तेवढ्या वेळात चाला, भांडी घासा, पण आईला मेसेजही नको, कारण तीही खात्रीच आहे. 20 मिनिटांनी पुन्हा आकडा लिहा. चार-पाच दिवस जमलं की वेळ वाढवा. त्या मुलाचा आकडा पहिल्यांदा 9 वरून 7 वर आला, एवढाच. पण तो फोन न करता आला होता, आणि पुढे फरक पडला तो तिथूनच. सुरुवातीला भीती वाढल्यासारखी वाटते. बहुतेक जण तिथेच सोडतात.

त्याआधी तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे एकदा जा. थायरॉइडनं आणि रक्त कमी असल्यानंही धडधड होते, कॉफीनं तर होतेच. छातीत दाब येऊन हाताकडे कळ गेली किंवा भोवळ आली तर वाट न पाहता 112 लावा. झोप आणि काम दोन-तीन आठवडे बिघडलेलंच राहिलं तर थेरपी घ्या. जर्मनीत सरकारी विमा तिचा खर्च देतो, पहिल्या भेटीला चिठ्ठी लागत नाही, आणि 116117 या नंबरवरून वेळ मिळते. पुढच्या उपचाराला मात्र महिने लागू शकतात, म्हणून नाव लवकर नोंदवा.

एक गोष्ट या नियमांत बसत नाही. बाबा कर्जाबद्दल बोलता बोलता ‘आता माझं काई खरं नाई’ असं म्हणू लागले, किंवा एकाएकी गप्प झाले, तर 20 मिनिटं थांबू नका. जवळच्या माणसाला लगेच घरी पाठवा, त्यांना एकटं सोडू नका, आणि घरच्यांना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर द्या. तिथे मराठीत बोलता येतं.