बाकी उरणाऱ्या भागाकाराचा ताळा

प्रश्न: मुलगी चौथीत आहे. भागाकाराची वर्कशीट सोडवते, पण उत्तरं दिलेली नसतात. बाकी उरते ती गणितं पटकन कशी तपासू? आणि तिला स्वतःची स्वतः तपासायला कसं शिकवू?

उत्तर: मी घरी शिकवणी घेते. भाजक गुणिले भागाकार, त्यात बाकी मिळवली की भाज्य यायला हवा, हा ताळा तुम्हाला माहीत असेलच. पण वही हातात आली की मी गुणाकार नंतर करते, आधी बाकी बघते. कारण नुसता ताळा फसवतो.

४३७ ÷ ८ घ्या. एका मुलाने भागाकार ५३ आणि बाकी १३ लिहिली होती. ताळा केला: ८ × ५३ = ४२४, अधिक १३, झाले ४३७. जुळलं! तरी उत्तर चूक, कारण १३ मधून अजून एक ८ निघतो. खरं उत्तर ५४, बाकी ५. शेवटी ३७ ला ‘आठ चोक बत्तीस’ म्हणायचं ते पोरगं ‘आठ त्रिक चोवीस’वरच थांबलं होतं. त्याला मी एवढंच विचारलं, ‘आठ-आठ लाडवांचे डबे भरतोस आणि तेरा लाडू बाहेर ठेवतोस?’ म्हणून मुलीला सांगा, बाकी भाजकापेक्षा लहान आहे का हे आधी बघायचं, मगच गुणाकार.

ताळा जुळला नाही तर लगेच सगळं गणित खोडायला लावू नका. किती फरक पडला ते बघा, चूक बहुतेक तिथेच सापडते. ७४५ ÷ ६ चं उत्तर १२२, बाकी ३ आलं समजा. ६ × १२२ = ७३२, अधिक ३, म्हणजे ७३५. दहाचा फरक. म्हणजे दशकाच्या घरातल्या वजाबाकीत एकाची चूक असण्याची शक्यता जास्त. वर जाऊन पाहिलं तर १४ मधून १२ गेले तिथे २ ऐवजी १ लिहिलेला. तेवढं दुरुस्त करून पुढचं केलं की १२४, बाकी १. ताळा फारच कमी आला, तर भागाकारातलं शून्य राहिलं का बघा. ५४३७ ÷ ९ मध्ये ६०४ ऐवजी ६४ लिहिणारी मुलं मला दरवर्षी भेटतात.

एक लबाडी मात्र ओळखून ठेवा (आपणही केलेली असते). गुणाकार न करताच मुलं ताळ्याखाली भाज्य उतरवतात. मी ताळा कागदाच्या मागच्या बाजूला करायला लावते. तिथे फक्त भाजक, भागाकार आणि बाकी लिहायची. उत्तर आलं की मगच कागद उलटायचा, आणि तुलना छापील आकड्याशी करायची, स्वतः उतरवलेल्या आकड्याशी नाही. ४३७ चे ४७३ उतरवले असतील तर वहीतला ताळा बिनचूक जुळतो.