कोम्बुचाने शुगर उतरते हे खरंच सिद्ध झालंय का?

प्रश्न: बाबांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. मालवणातल्या एका कॅफेत कोकम कोम्बुचा मिळतो, म्हणजे साखरेचा चहा आंबवून केलेलं कोकमाच्या चवीचं पेय. तिथल्या फळ्यावर लिहिलंय, 'शुगर कमी करतो, अमेरिकेत सिद्ध'. बाबांनी आग्रहच धरलाय. रोज एक बाटली द्यायला हरकत आहे का?

उत्तर:

रोज बाटलीभर नको, आणि गोळीच्या जागी तर अजिबात नको. कधीतरी चवीला अर्धा पेला प्यायले तर त्याला कोणी नाही म्हणणार नाही. मी फळप्रक्रियेच्या धंद्यात आहे. कोकमाचं आगळ, सरबत, आमसुलं हेच रोजचं काम, त्यामुळे आंबवलेल्या पेयांशी संबंध येतो. मी डॉक्टर नाही. बाबांच्या गोळ्यांबद्दलचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचाच.

फळ्यावरचं 'अमेरिकेत सिद्ध' हवेतून आलेलं नाही. माझ्या अंदाजाने ते वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या प्रयोगावरून आलंय. तो 2023 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याची बातमी जगभर फिरली. टाइप 2 मधुमेहाच्या 12 जणांना घेतलं होतं. त्यांनी चार आठवडे रोज 240 मिली कोम्बुचा प्यायचा, मग मध्ये काही आठवडे थांबायचं, मग चार आठवडे तसंच दिसणारं दुसरं पेय प्यायचं. कोणाला आधी काय मिळणार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. उपाशीपोटीची साखर ज्याची त्याने घरी मोजायची. रचना चांगली होती, लबाडी काही नाही.

आता आकडे बघा. कोम्बुचाच्या चार आठवड्यांत उपाशीपोटीची सरासरी साखर 164 वरून 116 वर आली. बातमीत एवढंच छापलं गेलं. पण दुसरं पेय पिताना ती 162 वरून 141 वर आली होती, म्हणजे कोम्बुचाचा थेंबही न पिता 21 ने उतरली! माणूस प्रयोगात नाव घालतो तेव्हा तो जरा जपून खातो, रोज यंत्र काढून बोट टोचतो, चालायलाही जातो. शिवाय ज्यांची साखर सुरुवातीला चढलेली असते, त्यांची पुढच्या वेळी आपोआप थोडी खाली दिसते. हे 21 त्यातूनच आलेले असणार. तेव्हा कोम्बुचाच्या नावावर घालायचे झाले तर 48 नव्हे, फार तर 27 घालता येतील.

ते 27 तरी पक्के का? साखरेचे आकडे पूर्ण मिळाले ते फक्त सात जणांचे. घरच्या ग्लुकोमीटरला नियमानेच 15 टक्क्यांपर्यंत चूक चालते. खरी साखर 140 असेल तर यंत्र 119 दाखवो की 161, दोन्ही नियमात बसतं. सात जणांच्या सरासरीत असे तीन आकडे एकाच बाजूला सरकले की 27 चे 18 होतात किंवा 36 होतात.

आणखी एक गोष्ट बातम्यांमध्ये हमखास सुटते. लेखकांनी म्हटलं की कोम्बुचाच्या बाजूची घट संख्याशास्त्राच्या कसोटीत बसली, दुसऱ्या पेयाची नाही बसली. यावरून 'कोम्बुचा दुसऱ्या पेयापेक्षा चांगला' असं निघत नाही. एक जण 36 गुणांनी पास आणि दुसरा 34 ने नापास, म्हणून पहिला हुशार असं आपण म्हणत नाही. दोन्ही बाजू समोरासमोर ठेवून फरक मोजायला हवा, आणि त्यासाठी सात माणसं अपुरी पडतात. प्रयोग करणाऱ्यांनी स्वतः त्याला प्राथमिक चाचणी म्हटलंय, म्हणजे पुढे मोठा प्रयोग करण्यासारखं काही आहे का हे बघायला केलेली. 'सिद्ध' हा शब्द फळ्यावरच्या खडूचा.

तुमच्या डॉक्टरांना ज्याच्यात रस असेल तो एचबीएवनसी चार आठवड्यांत नीट कळत नाही, कारण ती साधारण तीन महिन्यांची सरासरी असते. जॉर्जटाउनच्या प्रयोगाआधीचा पुरावा तर याहून पातळ होता. 2019 मध्ये कोम्बुचावरचं सगळं छापील संशोधन चाळून एक आढावा निघाला. त्यात माणसांवर फायदा मोजणारा प्रयोग एकच सापडला, 24 मधुमेहींचा, आणि तोही तुलनेला दुसरा गट न ठेवता केलेला. बाकीचं संशोधन उंदरांवर नाहीतर काचेच्या नळीत. कल्पना अगदीच वेडगळ आहे असंही नाही. जेवणाबरोबर व्हिनेगर घेतलं तर त्यातल्या आम्लामुळे साखर थोडी सावकाश चढते, असं छोट्या प्रयोगांत दिसलंय. पण त्या व्हिनेगरात कोणी साखर ओतलेली नसते.

आता तुमच्या बाटलीकडे वळू. आपल्याकडे माडी उतरवणाऱ्याला कोम्बुचा समजावून सांगावा लागणार नाही. सकाळी माडावरून मडकं उतरवलं की गोड नीरा, दुपारपर्यंत फेस येऊन माडी, आणि तशीच ठेवली की आंबून शिर्का. कोम्बुचात तेच घडतं, फक्त नीरेच्या जागी साखर घातलेला चहा असतो आणि वर पांढऱ्या चिवट सायीसारखा थर तरंगतो. यीस्ट साखरेचं अल्कोहोल आणि वायू करतं, आणि ॲसेटिक जिवाणू त्या अल्कोहोलचं आम्ल करतात. लिटरभर चहाला बहुधा 70 ते 100 ग्रॅम साखर घालतात. ही साखर 'जिवाणू खाऊन टाकतात' असं सांगितलं जातं. आठ-दहा दिवसांत ती संपत नाही, बऱ्याचदा निम्मी किंवा त्याहून जास्त उरते. संपेपर्यंत थांबलात तर हातात येतो शिर्का, तो कोणी अडीचशे रुपये देऊन पिणार नाही.

आणि कोकम कोम्बुचातलं कोकम कुठून येतं? बाटली बंद करण्याआधी चवीसाठी रस घालतात. तो बिनसाखरेचा असेल तर ठीक, पण पुष्कळ ठिकाणी थेट कोकम सिरपच घातलं जातं. ते करायला आम्ही फळाच्या रसापेक्षा जास्त साखर वापरतो, म्हणून मला ते ठाऊक आहे. कॅफेवाल्याला एवढाच प्रश्न विचारा: शेवटी काय घालता, आगळ की सिरप? बाटलीला छापील लेबल असेल तर '100 मिलीत साखर' ही ओळ शोधा आणि बाटलीच्या मापाने गुणा. 100 मिलीत 5 ग्रॅम आणि बाटली 300 मिलीची, म्हणजे 15 ग्रॅम, चहाचे तीन-साडेतीन चमचे. बाबांच्या सकाळच्या चहात एवढी साखर तुम्ही घालाल का? लेबलच नसेल तर अंदाजही करता येत नाही, आणि मी तरी तशी बाटली मधुमेही माणसाला देणार नाही.

बाटली हातात घ्या तेव्हा आणखी थोडं बघा. तळाशी गढूळ साका असेल तर आत यीस्ट जिवंत आहे. हा माल थंड राहिला तरच थांबून राहतो. मे महिन्यात बराच वेळ वीज गेली की फ्रीजमध्येही आंबणं पुन्हा सुरू होतं, वायू वाढतो आणि अल्कोहोलही. झाकण उघडताना फसफसून निम्मी बाटली टेबलावर आली, तर लेबलवरचे आकडे त्या बाटलीला लागू राहिले नाहीत असं समजा. आपल्याकडे 0.5 टक्क्यापेक्षा जास्त अल्कोहोल असलेलं पेय मद्यात मोडतं. अमेरिकेत 2010 मध्ये ही रेषा ओलांडली जाते म्हणून दुकानांतून कोम्बुचा काढून घ्यावा लागला होता. काही मधुमेहाच्या गोळ्यांवर उपाशीपोटी अल्कोहोल गेलं तर साखर जास्तच खाली घसरू शकते. बाबा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असतील तर हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा.

'प्रोबायोटिक' या शिक्क्यावरही भुलू नका. तो शब्द वापरायचा तर जिवाणू कोणता, पिण्याच्या वेळी तो किती जिवंत आहे आणि त्याचा माणसाला फायदा दिसलाय का, तिन्ही सांगावं लागतं. घरोघरचा कोम्बुचा वेगळा असतो. जॉर्जटाउनमध्ये एका विशिष्ट कंपनीचा कोम्बुचा वापरला होता, त्यातले जिवाणू मालवणच्या बरणीत असतीलच असं नाही. म्हणजे तो प्रयोग पक्का ठरला असता, तरी या बाटलीबद्दल त्याने काही सांगितलं नसतं. आणि एखादं पेय मधुमेह बरा करतं किंवा टाळतं असा दावा करायला अन्नसुरक्षा नियमांत परवानगीच नाही. म्हणून तर तो बाटलीवर नाही, फळ्यावर आहे.

डब्यातली फसफसणारी 'टॉनिक' पेयं आता आपल्याकडेही दिसायला लागलीत. त्यांचं फार लिहीत नाही. त्यात साधारण इन्युलिन नावाचा तंतू थोडा घातलेला असतो, साखर कमी असते. कोल्ड्रिंकच्या जागी घेतलं तर साखर वाचते, एवढा फायदा खरा. पोटाचं कल्याण वगैरे पुढचं जाहिरातीचं.

बाबा हट्टी असतील (माझे सासरे आहेत, म्हणून सांगतो) तर वाद घालू नका, यंत्र काढा. गोळ्या नेहमीसारख्याच चालू ठेवून, दोन जेवणांच्या मध्ये साखर मोजा. मग 150 मिली कोम्बुचा, बरोबर दुसरं काही नाही, आणि तासाने व दोन तासांनी पुन्हा मोजा. दुसऱ्या एखाद्या दिवशी त्याच वेळी साध्या पाण्यावर तेच करा. कोम्बुचाने साखर चढते का, ते यातून बऱ्यापैकी कळतं. उतरते का, हे मात्र घरी कळणार नाही, त्यासाठी वर सांगितलेल्या अडचणी आहेतच.

कोकमाचीच चव हवी असेल तर बाजारचं कोकम सरबत हा पर्याय नाही, त्यात साखर कोम्बुचाहून जास्त असते. आगळाचा चमचा पेलाभर थंड पाण्यात, जिरेपूड घालून, साखरेशिवाय द्या. मीठ वरून घालू नका. आगळात ते टिकण्यासाठी भरपूर घातलेलं असतं, आणि बाबांना बीपी असेल तर तो चमचाही अर्धाच करा.