सकाळचा स्पॉट धरतो, दुपारचा सुटतो

प्रश्न: कूलरच्या बॉडीसाठी ०.६ मिमीचा जीआय पत्रा पायडलच्या साध्या स्पॉट मशीनवर जोडतो. सकाळी स्पॉट धरतात, दुपारनंतर हाताने सुटतात. टाइम वाढवला तर पत्र्याला भोक पडतं. टाइम किती ठेवू?

भाऊ, टायमरला हात लावू नका, आधी टिप काढून तिचं तोंड बघा. लातुरात कूलरच्या सीझनला मीही हेच केलं होतं. स्पॉट सुटला की टाइम वाढवायचो, वाढवलेल्या टाइमने टिप जास्त तापायची, तापली की आणखी पसरायची, मग पुन्हा टाइम. संध्याकाळपर्यंत एक तर स्पॉट सुटायचे, नाही तर भोकं पडायची.

टिपचं तोंड किती असावं याचा हिशोब सोपा आहे. पत्र्याच्या जाडीचं वर्गमूळ घ्या आणि पाचने गुणा. ०.६ मिमीला ते जवळपास ४ मिमी येतं. माझी टिप दुपारी मोजली तर ७ मिमी भरली. म्हणजे करंट तेवढाच, पण जागा तिप्पट झाली. मग दोन पत्र्यांच्या मधे धातू वितळतच नाही, नुसता जस्ताचा थर वितळून चिकटतो. वरून स्पॉट छान दिसतो आणि उचलताना सुटतो. जीआयवर हे काळ्या पत्र्यापेक्षा फार लवकर होतं, कारण जस्त टिपच्या तांब्यात मिसळतं आणि तोंडावर पितळ तयार होतं. तोंड पिवळट दिसलं की समजायचं. अशी टिप बारीक कानशीने घासून पुन्हा ४ मिमीवर आणा. मी दर शंभरेक स्पॉटला बघतो. साध्या तांब्याचा रॉड कापून टिप केली असेल तर ती बदला. क्रोमियम-कॉपरची टिप गरम झाली तरी कडक राहते.

दोन्ही टिप समोरासमोर बसतात का, हे बघायला मशीनचा मेन स्विच बंद करा. टिपांच्या मधे पांढरा कागद आणि त्यावर कार्बन पेपर ठेवून पायडल दाबा. ठसा गोल आणि सगळीकडे सारखा काळा यायला हवा. चंद्रकोर आली तर आर्म वाकडा आहे किंवा टिप तिरकी घासली गेली आहे. मग एका कडेला सगळा करंट जातो आणि भोक तिथेच पडतं.

टिपला आतून पाण्याची सोय असेल तर तेही तपासा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याला क्षार फार. माझ्या खालच्या होल्डरची नळी पांढऱ्या थराने जवळपास बंद झाली होती आणि मी मशीनला दोष देत होतो. आता टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी फिरवतो. आतली बारीक नळी टिपच्या तळापर्यंत पोचायला हवी, नाही तर पाणी वरच्या वर परत येतं.

भोकाचं मुख्य कारण मात्र बहुतेक वेळा दाब असतो. पायडल अर्धं दाबलं की टिप टेकतात, पुढे दाबलं की स्प्रिंग दबते आणि मग लिमिट स्विच लागतो. स्विच लवकर लागला, तर दाब बसायच्या आत करंट सुटतो, ठिणग्या उडतात आणि वितळलेला धातू बाहेर फेकला जातो. स्विच थोडा उशिरा लागेल असा सरकवा. तरीही ठिणग्या उडाल्या तर स्प्रिंगचा नट अर्धा आटा आवळत जा. ठिणग्या थांबल्या की तिथेच राहू द्या. गरजेपेक्षा जास्त आवळलं तर दोन पत्र्यांमधला रेझिस्टन्स कमी होतो, खड्डा खोल पडतो आणि आतला जोड उलट लहान होतो. खड्डा नखाला जाणवावा, डोळ्यात भरू नये. आणि करंट थांबल्या थांबल्या पाय उचलू नका, क्षणभर दाबून ठेवा. जोड दाबाखालीच थिजायला हवा.

आता टाइम. आपली लाइन ५० हर्ट्झची, म्हणजे एक सायकल ०.०२ सेकंदाची. सुरुवात १० सायकलपासून करा, म्हणजे ०.२ सेकंद, आणि दोन-दोनने वाढवा. १५च्या पुढे जावं लागलं तर टाइम न वाढवता ट्रान्सफॉर्मरचं टॅपिंग एक पायरी वर घ्या. जास्त करंट आणि कमी वेळ, हेच पातळ पत्र्याला मानवतं. लाइनचं व्होल्टेजही बघा. ते १० टक्क्यांनी पडलं तर उष्णता जवळपास १९ टक्क्यांनी पडते. शेतीपंप चालू असताना ते मीटरवर मोजा आणि सेटिंग त्या वेळी करा.

प्रत्येक बदलानंतर दोन कात्रणांवर १५ मिमी अंतराने दोन स्पॉट मारा. पहिल्याची खात्री धरू नका, दुसरा सोलून बघा, कारण त्याचा थोडा करंट पहिल्या स्पॉटमधून निसटतो. एक पट्टी वाइसमध्ये धरा, दुसरी पक्कडीने गुंडाळत सोला. एका पट्टीवर ३ मिमीचं बटण आणि दुसरीत तेवढंच भोक राहिलं तर स्पॉट पक्का. दोन्ही पट्ट्या सपाट सुटल्या, नुसता निळसर डाग दिसला, तर जोड झालेलाच नाही.

जस्ताचा धूर निघतो, तो छातीत गेला तर रात्री ताप भरतो. पंखा धूर बाहेर ओढेल असा लावा, आणि ठिणग्या डोळ्याच्याच उंचीला उडतात, म्हणून चष्मा काढू नका.