‘नमुना लहान आहे’ एवढा शेरा पुरेसा आहे का?

प्रश्न : बी.ए.च्या मुलांच्या सर्वेक्षण-प्रकल्पाच्या वह्या तपासतो आहे. एका मुलाने लिहिलं आहे, ‘समष्टी – ६० शेतकरी. हमीभावाच्या कापूस खरेदी केंद्रावर ६० शेतकऱ्यांना विचारले. १६ जण बियाणे-खत उधारीवर घेतात. म्हणून तालुक्यातील २७ टक्के शेतकरी उधारीवर शेती करतात.’ ‘नमुना लहान आहे’ असा शेरा मारून ४ गुण कापले तर चालेल का?

उत्तर :

गुण कापावेत, परंतु तो शेरा मारू नये. तो शेरा वाचून हा मुलगा पुढच्या वर्षी त्याच केंद्रावर जाईल, २४० जणांना विचारील आणि तेच चुकीचे उत्तर अधिक ठामपणे लिहून आणील. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका ग्रामीण महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो, आणि अशा वह्या तपासताना सुरुवातीची काही वर्षे मीही हाच शेरा लिहीत होतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

या उत्तरात दोन वेगवेगळ्या चुका आहेत. पहिली शब्दांची आहे आणि ती लगेच दिसते. मुलाने समष्टी म्हणून ६० शेतकरी लिहिले आणि निष्कर्ष मात्र तालुक्यातील शेतकऱ्यांविषयी काढला. ज्यांच्याविषयी निष्कर्ष काढायचा ती समष्टी, आणि ज्यांना प्रत्यक्ष विचारले तो नमुना. समष्टी खरोखरच ६० जणांची असती, तर त्या सर्वांना विचारून झाले होते. मग अंदाज कसला आणि ‘म्हणून’ कशासाठी? तपासताना मी विद्यार्थ्याच्या निष्कर्षाच्या वाक्यातील कर्ता अधोरेखित करतो आणि मागे जाऊन त्याने समष्टीच्या रकान्यात काय लिहिले आहे ते पाहतो. दोन्ही जुळले नाहीत, तर गल्लत तेथेच सापडते.

या चुकीचे आणखी एक रूप आपल्याकडे वारंवार येते. इंग्रजी पुस्तकातील ‘पॉप्युलेशन’ या शब्दाचा अर्थ मुले लोकसंख्या असा घेतात आणि समष्टीच्या रकान्यात जनगणनेतील गावाची लोकसंख्या उतरवतात. त्या आकड्यात पाळण्यातले मूलही असते आणि ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही असा मजूरही असतो. या प्रकल्पाची समष्टी आहे ‘यंदा कापूस पेरणारी कुटुंबे’. येथे एकक कुटुंब आहे, माणूस नव्हे, आणि ते एकक ठरल्याशिवाय २७ टक्के म्हणजे कशाचे २७ टक्के, हे सांगता येत नाही.

दुसरी चूक अधिक खोल आहे, आणि ‘नमुना लहान आहे’ या शेऱ्याखाली ती झाकली जाते. ती म्हणजे हे ६० जण वहीत कोणत्या वाटेने आले. हमीभावाच्या केंद्रावर कापूस विकायचा तर सातबाऱ्यावर कापसाचा पेरा नोंदलेला दाखवावा लागतो, माल वाहनाने तेथवर न्यावा लागतो आणि रांगेत थांबण्याइतकी सवड लागते. मक्त्याने जमीन वाहणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो. आणि जो शेतकरी उधारीत आहे, त्याचा कापूस पुष्कळदा गावाबाहेर जातच नाही. आमच्या गावात दिवाळीनंतर खेडा खरेदीचा काटा एका ओसरीवर लागतो. वेचणीचा कापूस पालवात बांधून आणलेली बाई तेथे उभी असते, काट्यावर वजन होते, व्यापारी जूनमधल्या बियाण्याची आणि खताची रक्कम वहीतून वळती करून घेतो आणि उरलेले पैसे तिच्या हातावर ठेवतो. ही बाई खरेदी केंद्राच्या रांगेत कधीच भेटणार नाही. जी गोष्ट मोजायला मुलगा निघाला, त्याच गोष्टीमुळे माणसे त्याच्या नमुन्याबाहेर राहिली.

आकड्यांत काय घडते ते पाहण्यासाठी तालुक्याऐवजी एकच गाव घेऊ. पुढील आकडे मी समजावण्यासाठी गृहीत धरले आहेत. गावात कापूस पेरणारी ४०० कुटुंबे आहेत. ३०० लहान कोरडवाहू, १०० मोठी, ओलिताची. लहानांपैकी २१० आणि मोठ्यांपैकी २० कुटुंबे उधारीवर बियाणे-खत घेतात, म्हणजे एकूण २३०, अर्थात साडेसत्तावन्न टक्के. खरे उत्तर हे आहे. आता केंद्रावर कोण जाते? मोठी १०० कुटुंबे सर्व जातात. लहानांपैकी ५० जातात आणि त्यांत उधारीची २० असतात. बाकीची २५० लहान कुटुंबे खेडा खरेदीत माल देतात. म्हणजे केंद्रावर एकूण १५० कुटुंबे येतात आणि त्यांपैकी ४० उधारीची असतात, जवळपास २७ टक्के. मुलाला ६० मध्ये १६ जण मिळाले, ते अगदी या हिशेबानुसार.

त्याने केंद्रावर येणाऱ्या सर्वच्या सर्व १५० कुटुंबांना विचारले असते, तरी उत्तर २७ टक्केच आले असते. नमुना वाढवल्याने तो केंद्रावरच्या २७ टक्क्यांच्या अधिक जवळ गेला असता, गावाच्या साडेसत्तावन्नच्या नव्हे. पुस्तकातील सूत्राने ६० जणांवर पंचाण्णव टक्के विश्वासाची मर्यादा काढली, तर ती अधिक-उणे ११ येते, म्हणजे सुमारे १६ ते ३८. खरे उत्तर या पट्ट्यात नाही. तालुक्याच्या मोठ्या केंद्रावर २४० जणांना विचारून पुन्हा २७ टक्केच आले, तर पट्टा २१ ते ३३ असा अरुंद होतो आणि खरे उत्तर त्यापासून आणखी दूर पडते. ते सूत्र केवळ योगायोगाने होणारा चढउतार मोजते आणि नमुना यादृच्छिक निवडला आहे असे धरून चालते. ज्या वाटेने नमुना एका बाजूला झुकला, ती वाट त्या सूत्राला दिसत नाही. म्हणून वहीत असे सूत्र नीट सोडवलेले असले, तरी निवडीची पद्धत वाचल्याशिवाय मी त्याचे गुण देत नाही.

संख्या वाढवून दोष जात नाही, हे आपल्या शेतकऱ्यांना पीक कापणी प्रयोगातूनही सांगता येते. सातारा जिल्ह्यात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात दाखवले की कापणीचा तुकडा फार लहान घेतला, तर कडेवरची झाडे आत धरली जातात आणि उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसते. असे लहान तुकडे कितीही वाढवले, तरी प्रत्येक तुकडा त्याच बाजूला चुकतो.

हुशार विद्यार्थी येथे एक उपाय सुचवतात, आणि आपल्यालाही तो एखाद्या वहीत दिसेल. गावात लहान कुटुंबे तीन चतुर्थांश आहेत आणि नमुन्यात ती एक तृतीयांशच आली, तर मग भार देऊन दुरुस्ती करावी. आपल्या उदाहरणात केंद्रावर भेटलेल्या २० लहानांपैकी ८ उधारीचे, म्हणजे ४० टक्के. ४० मोठ्यांपैकी ८, म्हणजे २० टक्के. ७५ आणि २५ चा भार दिला की उत्तर ३५ टक्के येते. २७ पेक्षा ते बरे आहे, पण साडेसत्तावन्नपासून फार दूर आहे. कारण भार देताना आपण असे मानले की केंद्रावर आलेला लहान शेतकरी न आलेल्या लहान शेतकऱ्यासारखाच आहे. तसा तो नाही. तो केंद्रावर येऊ शकला, कारण बहुधा व्यापाऱ्याच्या वहीत त्याचे नाव नव्हते. भार देण्याची पद्धत चुकीची नाही. ती कोठे पुरते आणि कोठे पुरत नाही हे मात्र विद्यार्थ्याने लिहिले पाहिजे, आणि ज्याने ते लिहिले त्याला मी सढळ हाताने गुण देतो.

‘मग मी काय करायला हवे होते?’ असे मुलगा विचारील, त्याचे उत्तर तयार ठेवा. यादी आधी लागते. बहुतेक मुले तलाठ्याकडील आठ-अ ची खातेदारांची यादी सुचवतात, कारण तीत एका खातेदाराची गावातील सर्व जमीन एकत्र असते, तर सातबारे घेतले तर तीन गटांत जमीन असलेला माणूस तीनदा येतो. परंतु आठ-अ मध्येही मक्त्याने वाहणारा नसतो, फेरफार न झाल्याने वारलेल्या वडिलांचे नाव असते आणि नागपूर-पुण्यात राहणारा मालकही असतो. या प्रश्नासाठी मक्तेदार सुटणे परवडणारे नाही. म्हणून गावात घरोघर फिरून, यंदा कापूस कोण पेरतो एवढे एकच विचारत घरयादी करावी. चार-पाच मुलांना ४०० कुटुंबांच्या गावात ते दोन-तीन दिवसांत जमते. मग ४० कुटुंबे हवी असतील, तर १ ते १० मधील एक चिठ्ठी काढावी आणि त्या क्रमांकापासून प्रत्येक दहावे कुटुंब घ्यावे.

यानंतर एक फसगत राहते. वेचणीच्या दिवसांत सकाळी नऊला घराला कुलूप असते, आणि मुले शेजारच्या उघड्या घरात जाऊन फॉर्म भरतात. दिवसा उघडे घर म्हणजे बहुधा किराणा, नोकरी किंवा सवड असलेले घर. नमुना पुन्हा तिकडेच झुकतो. मागे एका विद्यार्थिनीच्या वहीत एकाच घरापुढे तीन नोंदी होत्या : ‘कुलूप’, ‘वेचणीला गेले’ आणि तिसऱ्या दिवशी ‘सायं. साडेसात, भेटले’. त्या पानावर मी कोठेही लाल शाई लावली नाही. जी घरे तीन खेपांनंतरही भेटली नाहीत, ती गाळलेली म्हणून संख्येसह लिहावीत, बदली घर घेऊ नये.

आपल्यापुढच्या वहीवर मी असा शेरा लिहिला असता : ‘आपली समष्टी तालुक्यातील कापूस पेरणारी कुटुंबे आहे, ६० हा नमुना आहे. हा नमुना फक्त केंद्रावर माल आणणाऱ्यांतून आला. खेडा खरेदीत कापूस देणारी कुटुंबे यात का नाहीत, आणि त्यामुळे २७ टक्के हा आकडा कमी येईल की जास्त, ते कारणासह लिहा.’ ४ गुण कापायचे असतील, तर १ समष्टीच्या गल्लतीसाठी आणि ३ निवडीसाठी कापा. मुलाने हे उत्तर नीट लिहून वही परत आणली, तर त्या ३ गुणांपैकी २ परत द्या. निष्कर्षाचे वाक्य मात्र त्याला बदलावेच लागेल : ‘या केंद्रावर भेटलेल्या ६० कापूस विक्रेत्यांपैकी १६ जण बियाणे-खत उधारीवर घेतात.’ हाती असलेल्या माहितीवर एवढेच वाक्य उभे राहते, आणि त्यात ‘तालुका’ हा शब्द येत नाही.