घसारा, भंगार आणि ‘निर्धारित नुकसान’

प्रश्न : सर्व्हेअरचा रिपोर्ट विमा कंपनीला पाठवताना मराठी मेलमध्ये असेस्ड लॉस, डिप्रिसिएशन आणि सॅल्व्हेज यांना नुकसानभरपाई, घसरण आणि भंगार असं लिहिलं तर चालेल का?

तिन्ही शब्द बदला. सगळ्यात मोठी चूक ‘नुकसानभरपाई’ची. सर्व्हेअर नुकसान किती झालं ते ठरवतो, भरपाई किती द्यायची ते कंपनी ठरवते. विमा कायद्याच्या कलम ६४ यूएमनुसार कंपनी सर्व्हेअरच्या आकड्यापेक्षा वेगळी रक्कमही देऊ शकते. मेलमध्ये ‘भरपाई’ लिहिलं की विमाधारक तोच आकडा मंजूर झाला असं धरून चालतो. म्हणून ‘निर्धारित नुकसान’ लिहावं.

‘घसरण’ बाजारभावाची होते. वापराने वस्तू झिजते त्याला आपल्याकडे ‘घसारा’ हा नेमका शब्द आहे, त्यात घासलं जाणं ऐकूही येतं. अर्थ धरून ठेवला की हिशेबही चुकत नाही : मजुरी झिजत नाही, म्हणून तिच्यावर घसारा नाही. फक्त हा घसारा ताळेबंदातला नव्हे. मोटार पॉलिसीत त्याचे दर ठरलेले असतात.

साडेतीन वर्षांची, १५०० सीसीच्या आतली खासगी कार घ्या. पत्र्याचे भाग ४०,००० रुपयांचे, त्यांवर वयानुसार २५ टक्के म्हणजे १०,००० घसारा. प्लॅस्टिकचा बंपर १२,०००, त्यावर वय न बघता ५० टक्के, म्हणजे ६,०००. काच ८,०००, तिच्यावर घसारा नाही. मजुरी १४,०००. (झिरो डेप घेतलेलं असेल तर घसाऱ्याच्या ओळीत शून्य टाकून कारण लिहावं, ओळच गाळू नये. गाळली की कंपनीतून हमखास विचारणा येते.)

‘भंगार’ म्हणजे किलोवर विकायचा माल. सॅल्व्हेजमध्ये तो येतो, पण पूर्ण निकामी ठरलेल्या गाडीचा लाखभराला जाणारा सांगाडाही येतो. ‘अवशिष्ट मूल्य’ लिहिलं तर हिशेबनीसाला आयुष्य संपलेल्या यंत्राची किंमत वाटते. मी सरळ ‘सॅल्व्हेज’च ठेवतो आणि ते कोणाकडे राहणार हे लगेच सांगतो, कारण वजावट त्यावरच ठरते. विमाधारकाकडे राहिलं तर वजा करायचं, कंपनीने उचललं तर नाही.

मेलचा गाभा असा :

‘वरील दाव्याचा अंतिम सर्वेक्षण अहवाल सोबत जोडला आहे. दुरुस्तीचा ग्राह्य खर्च ७४,००० रुपये. त्यातून घसारा १६,००० वजा जाता ५८,००० रुपये. बदललेले जुने भाग विमाधारकाकडे राहणार असल्याने सॅल्व्हेजचे १,५०० रुपये आणि पॉलिसीतील सक्तीची वजावट १,००० रुपये कमी करून निर्धारित नुकसान ५५,५०० रुपये येते. हे निर्धारण पॉलिसीच्या अटी व शर्तींच्या अधीन आहे.’

‘ग्राह्य’ हा शब्द गाळू नका. गॅरेजच्या एस्टिमेटमध्ये अपघाताशी संबंध नसलेली कामंही असतात, ती आधीच वगळली आहेत हे त्या एका शब्दात येतं.