सौदीत ईद आधी आणि आपल्याकडे एक दिवस उशिरा का?

प्रश्न: 2025 ला सौदीत ईद रविवारी झाली, सोलापुरात सोमवारी. चंद्र तर एकच आहे, मग असं का?

कारण सौदीची घोषणा आपल्याकडे लागू धरत नाहीत. इथली चाँद कमिटी भारतातल्या चंद्रदर्शनाची ग्वाही पाहून ठरवते. घड्याळातल्या अडीच तासांच्या फरकाने दिवस बदलत नाही. त्या वर्षी अमावास्येचा क्षण 29 मार्चला आपल्या दुपारी साडेचारच्या सुमारास होता. सोलापुरात सूर्य मावळला तेव्हा चंद्र जेमतेम दोन तासांचा, म्हणजे दिसणं अशक्य. शिवाय आपला तो अठ्ठाविसावाच रोजा होता, कारण रमजानही एक दिवस उशिरा सुरू झाला होता. दुसऱ्या संध्याकाळी तो सव्वीस तासांचा झाला, दिसला, आणि 31 ला ईद.

सौदीत 29 लाच सूर्यास्तानंतर साक्ष मान्य झाली. तेव्हा चंद्र चारेक तासांचा होता, आणि पंधरा तासांच्या आतला चंद्र नुसत्या डोळ्यांनी दिसणं फार दुर्मीळ. म्हणून खगोल अभ्यासकांनी त्यावर शंका घेतली, आणि मलाही ती रास्त वाटते. तुर्कस्तान तर साक्षीची वाटच पाहत नाही. जगात कुठेही चंद्र दिसण्याइतका वर आला असेल का, हे गणिताने आधीच काढून कॅलेंडर छापतं.

मात्र हा फरक फक्त देशादेशांतला समजू नका. 2024 ला केरळमध्ये ईद 10 एप्रिलला होती, आपल्याकडे 11 ला.