दिवसा जमलं, रात्रीचं का नाही?

चि. सौ. हिस, अनेक आशीर्वाद.

तीन वर्षांची पोर दिवसभर शू सांगते, पण रात्री गादी ओली करते, म्हणून तू दिवसाच्या लंगोटाबरोबर रात्रीचा डायपरही बंद केलास. तोही ऐन आषाढात, गुहागरच्या पावसात! गादी वाळायची कुठे, पडवीत?

दिवसाचं शिकवून येतं, रात्रीचं शरीर तयार झालं की येतं. झोपेत लघवी कमी बनावी म्हणून मेंदूतून एक संप्रेरक रात्री जास्त सुटावं लागतं. मूत्राशय भरल्यावर जागही यायला हवी. दोन्ही गोष्टी प्रत्येक मुलात आपापल्या वेळी येतात. ढोबळ हिशोब सांगते. वयात 2 मिळवून 30 ने गुणलं की मूत्राशयात किती मिली मावतं याचा अंदाज येतो. तिचे झाले 150, म्हणजे चहाचा एक मोठा कप. रात्रभरात त्याहून जास्त बनलं आणि जाग आली नाही, तर गादी ओली होणारच. पाचव्या वर्षापर्यंत डॉक्टरही याला आजार म्हणत नाहीत. तुझ्या नवऱ्याचं लहानपण सासूबाईंना विचार, हे बऱ्याचदा घराण्यातून येतं.

सासूबाई अकराला तिला झोपेतच उचलून शू करवून आणतात, त्याने त्या रात्रीची चादर वाचेल. पण पोर झोपेतच असते, त्यामुळे स्वतः उठायला ती त्यातून शिकत नाही. जमत असेल तर करा, रागावून मात्र नको. तिने हे मुद्दाम केलेलं नाही.

सध्या डायपर परत लाव. सकाळी तो कोरडा निघतो का, एवढंच बघ. बरेच दिवस ओळीने कोरडा निघाला, की काढून बघायचा. तेव्हा गादीवर रबरी शीट, वर चादर, त्यावर पुन्हा शीट आणि चादर असे दोन थर घाल. रात्री वरचा थर ओढून काढलास की खालचा कोरडा तयार असतो. दिवसा पाणी, पेज भरपूर दे. फक्त निजायच्या तासाभर आधी कोकम सरबताचा पेला नको, आणि झोपताना शू करवून घे.

डॉक्टरांकडे कधी न्यायचं? सहाएक महिने रात्री कोरडी राहून पुन्हा सुरू झालं, फार तहान लागते, वजन उतरतंय, लघवीला जळजळ आहे किंवा दिवसाही थेंब थेंब गळतं, तर थांबू नकोस. रोज जोरात घोरत असेल तर तेही सांग.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस. पोट रोज साफ होतं का? आतडं खड्यांनी भरलेलं असलं की ते मूत्राशयाला दाबतं, आणि मग रात्रीचे उपाय कितीही केलेस तरी गादी ओलीच राहते. पुढच्या पत्रात आधी तेवढं कळव.

तुझी,
मावशी